सकाळच्या शंभर आंघोळी : वसतिगृहाच्या सोलरचं गणित

वसतिगृहातल्या सोलर गरम पाण्याबद्दलची तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. सहाला उठणाऱ्यांना कढत पाणी मिळतं, सातला उठणाऱ्यांना कोमट, आणि आठ वाजता रांगेत उभ्या राहिलेल्यांना गारच. गच्चीवर पॅनेलांच्या रांगा असतात, ऊनही भरपूर असतं. मग पॅनेल वाढवायचे ठरतात. पुढच्या थंडीत आठची रांग पुन्हा गार पाण्याचीच तक्रार करते, आणि दुपारी मात्र टाकीच्या व्हेंट पाइपातून वाफ निघत असते. पैसे खर्च झालेले असतात आणि उष्णता हवेत गेलेली असते.

पॅनेल किती आणि टाकी किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पॅनेलचं क्षेत्रफळ दिवसभरात किती उष्णता मिळणार ते ठरवतं. त्यातली किती उष्णता दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत टिकेल आणि कामी येईल, ते टाकी ठरवते. घरात चारजण दिवसभरात थोडं थोडं पाणी वापरतात, त्यामुळे अंदाज थोडा चुकला तरी निभावून जातं. वसतिगृहात सगळी मागणी सूर्य वर येण्याआधीच्या तीन तासांत येते. आजच्या आंघोळीचं पाणी कालच्या उन्हाने तापवलेलं असतं, आणि ते रात्रभर तसंच साठवून ठेवावं लागतं.

हे गणित एका उदाहरणावर मांडू. पुण्यातलं एक चार मजली वसतिगृह घेऊ. खाटा १२०. डिसेंबर-जानेवारीत साध्या दिवशी त्यातली ११० मुलं सकाळी साडेपाच ते साडेआठ या वेळात गरम पाण्याने आंघोळ करतात, असं धरू.

आधी बादली मोजा

सुरुवात गच्चीवरून करायची नाही, न्हाणीघरातून करायची. एक मुलगा किती पाणी घेतो? वीस लिटरची एक बादली आणि वर दोन-चार तांबे, म्हणजे साधारण २५ लिटर. हे पाणी अंगावर घेण्याजोगं, म्हणजे ४० अंशांच्या आसपास असतं. शॉवर असेल तर हा आकडा सहज दुप्पट होतो, म्हणून तो अंदाजाने धरू नये. आठवडाभर सकाळी दर तासाला किती जण आंघोळ करतात ते लिहून ठेवावं आणि बादलीचं माप घ्यावं. मुलींच्या वसतिगृहात रविवारी केस धुण्याचं पाणी वाढतं. मात्र त्या दिवशी आंघोळी अकरापर्यंत लांबतात आणि तोवर ऊन कामाला लागलेलं असतं, म्हणून मापासाठी कामाचा दिवसच धरावा.

११० मुलं आणि प्रत्येकी २५ लिटर, म्हणजे ४० अंशांचं २७५० लिटर पाणी.

आता दुसरं माप. नळाला येणारं गार पाणी किती गार आहे? पुण्यात थंडीत पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १८ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे ते २२ अंशांनी तापवायचं आहे. मुंबईत त्याच महिन्यात पाणी २४-२५ अंशांचं असतं आणि तिथे १५-१६ अंशांची वाढ पुरते. तेवढीच मुलं आणि तेवढ्याच बादल्या असूनही मुंबईच्या वसतिगृहाला उष्णता जवळजवळ एक तृतीयांश कमी लागेल. म्हणून दुसऱ्या गावातल्या वसतिगृहाचा आकडा जसाच्या तसा उचलता येत नाही. साधा थर्मामीटर घेऊन जानेवारीतल्या चार सकाळी नळाचं पाणी मोजलं तर हा प्रश्न सुटतो.

उष्णता मोजायला विजेच्या बिलावरचं युनिटच वापरू, म्हणजे वेगळी भाषा शिकावी लागणार नाही. १००० लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ युनिट लागतात. २७५० लिटर पाणी २२ अंशांनी तापवायला सुमारे ७० युनिट लागतील. ही झाली आंघोळीची खरी गरज.

टाकी : साठा आणि त्यातला वापरण्याजोगा भाग

टाकीत ४० अंशांचं पाणी साठवत नाहीत. ते जास्त गरम साठवतात आणि बादलीत विसण घालून घेतात. आपल्याकडे सोलरची क्षमता साधारणपणे ६० अंशांच्या पाण्यावर सांगितली जाते. '१०० लिटरचं सोलर' म्हणजे चांगल्या उन्हाच्या दिवशी १०० लिटर पाणी ६० अंशांच्या आसपास नेणारं यंत्र.

नेमकी इथेच सर्वांत महागात पडणारी गफलत होते. 'माणशी २५ लिटर' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं. १२० खाटा गुणिले २५ म्हणजे ३००० लिटर, म्हणून ३००० लिटरची टाकी आणि ३० पॅनेल, असं दरपत्रक येतं. पण ते २५ लिटर अंगावर घेण्याच्या पाण्याचे आहेत, टाकीतल्या पाण्याचे नाहीत.

खरा हिशेब असा. संध्याकाळी टाकीत ६० अंशांचं पाणी आहे. चांगल्या वेष्टनाच्या टाकीत ते रात्रभरात साधारण चार अंशांनी उतरतं आणि पहाटे ५६ अंशांवर येतं. ५६ अंशांच्या पाण्यात १८ अंशांचं विसण घालून ४० अंशांचं २७५० लिटर पाणी करायचं, तर टाकीतलं सुमारे १६०० लिटर पाणी लागेल. बाकीचं ११५० लिटर गार नळाचं.

मग १६०० लिटरची टाकी पुरेल का? नाही. टाकीतून गरम पाणी जितकं बाहेर जातं तितकंच गार पाणी खालून आत येतं. ते आलं नाही तर वरचं गरम पाणी नळापर्यंत जातच नाही. आत आलेलं गार पाणी जड असल्यामुळे तळाशी राहतं आणि गरम पाणी वर तरंगतं. पण मधल्या भागात दोन्हींचा कोमट पट्टा तयार होतो. शेवटचं काही पाणी या पट्ट्यातलं असतं आणि ते आंघोळीच्या कामाचं नसतं. नीट बसवलेल्या टाकीत साधारण ८० टक्के पाणी खऱ्या अर्थाने वापरता येतं. १६०० लिटर हे ज्याचे ८० टक्के, ती टाकी २००० लिटरची.

हे ८० टक्के टाकीच्या घडणीवर अवलंबून आहेत. उभ्या, उंच टाकीत गरम आणि गार थर वेगळे राहतात. आडव्या टाकीत ते लवकर मिसळतात. गार पाण्याचा पाइप जोराने वर धार सोडत असेल, तर चांगली टाकीसुद्धा ढवळली जाते. म्हणून तळाशी आडवी चकती किंवा छिद्रांचा पाइप लावून गार पाणी संथपणे आत सोडावं लागतं. 'साडेसहापर्यंत कढत आणि मग एकदम कोमट' अशी तक्रार असेल, तर पॅनेल मोजण्याआधी हा पाइप बघावा. जागेअभावी आडवीच टाकी घ्यावी लागली, तर वापरण्याजोगा भाग ७० टक्केच धरून माप वाढवावं.

पॅनेल : सूर्याकडून काय मिळतं

आता क्षेत्रफळ. पॅनेलांना रोज तीन खर्च भागवायचे आहेत. आंघोळीचे ७० युनिट, टाकीत रात्रभरात निसटणारे नऊ-दहा युनिट, आणि चार मजल्यांच्या पाइपांमध्ये जाणारे आणखी दहा. एकूण ९० युनिट.

पुण्यात थंडीत आकाश निरभ्र असतं. दक्षिणेकडे तोंड करून ३०-३५ अंशांत कललेल्या पॅनेलच्या एका चौरस मीटरवर डिसेंबरात दिवसाला साधारण साडेपाच युनिट ऊन पडतं. पण सगळं ऊन पाण्यात उतरत नाही. काचेवरून काही परत जातं, धुळीत काही अडतं, आणि पाणी तापत गेलं की पॅनेलही हवेला उष्णता देऊ लागतं. सपाट काचेच्या चांगल्या पॅनेलमधून, पाइपांचा तोटा धरून, चौरस मीटरमागे अडीच युनिट टाकीत पोचतात असं धरणं सुरक्षित आहे. ९० भागिले अडीच, म्हणजे ३६ चौरस मीटर. बाजारात सपाट पॅनेल साधारण दोन चौरस मीटरचं मिळतं, म्हणजे १८ पॅनेल. दोन धुण्यांमध्ये साचणारी धूळ आणि जुनी होत जाणारी काच लक्षात घेऊन २० घ्यावेत.

२००० लिटर टाकी आणि ४० चौरस मीटर पॅनेल. '१०० लिटरला एक पॅनेल' हा बाजारातला ठोकताळा इथे बरोबर लागू पडतो. ठोकताळा चुकीचा नव्हताच. तो ६० अंशांच्या लिटरना लावायचा असतो, बादलीतल्या लिटरना नाही. त्या एका गफलतीमुळे वसतिगृह दहा पॅनेल आणि हजार लिटर जास्त विकत घेणार होतं.

प्रमाण बिघडलं की काय होतं

हेच २० पॅनेल ठेवून टाकी ३००० लिटरची केली तर? पॅनेलांकडून चांगल्या दिवशी १०० युनिट मिळतात. तितक्याच उष्णतेत आता ३००० लिटर तापवायचे आहेत. तापमान २९ अंशांनी वाढेल, म्हणजे १८ वरून ४७ वर जाईल. पहाटेपर्यंत ते ४३-४४ वर उतरेल. सुरुवातीच्या मुलांना आंघोळीजोगं पाणी मिळेल. पण त्यात विसणाला जागाच उरत नाही, त्यामुळे बादल्यांची संख्या फारशी वाढत नाही. खालून गार पाणी थोडं मिसळलं की तापमान चाळिशीच्या खाली जातं. टाकी मोठी असूनही पाणी कोमट, ही तक्रार इथून येते. शिवाय ३५ ते ४५ अंशांवर महिनोन्‌महिने राहणारं पाणी लिजिओनेला जिवाणूंच्या वाढीला पोषक असतं. फुप्फुसांना ग्रासणारा हा जिवाणू शॉवरच्या तुषारांतून पसरतो. साठा ६० अंशांवर ठेवण्यामागे तेही एक कारण आहे.

उलट टाकी १००० लिटरची ठेवली तर त्याच १०० युनिटांनी पाणी कागदावर १०४ अंशांवर जाईल. प्रत्यक्षात दुपारीच पाणी उकळायला लागेल, व्हेंटमधून वाफ जाईल आणि तापलेले पॅनेल उष्णता बाहेर टाकत राहतील. सकाळी टाकी कढत असेल, पण साडेसहापर्यंत संपेल. आठच्या रांगेला गार पाणी आणि दुपारी वाफ, ही जोडी दिसली तर टाकी लहान आहे हे जवळजवळ नक्की. अशा ठिकाणी आणखी पॅनेल लावणं म्हणजे आणखी वाफ करणं.

पावसाळ्याचं काय

जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात दिवसच्या दिवस ढग असतात. अशा दिवशी चौरस मीटरवर दोन युनिट ऊन पडलं तरी खूप, आणि विखुरलेल्या मंद उजेडात पॅनेलची कार्यक्षमताही घसरते. ४० चौरस मीटरमधून २८-३० युनिट हाती येतील. गार पाणी तेव्हा २४ अंशांचं असल्याने गरजही कमी, तोट्यासह सुमारे ६७ युनिट. तरी ४० युनिटांची तूट राहते.

ती तूट पॅनेल वाढवून भरायला गेलो तर ४० ऐवजी ९५ चौरस मीटर लागतील. तेच पॅनेल एप्रिलमध्ये, जेव्हा अर्धी मुलं गार पाण्यानेच आंघोळ करतात, रोज टाकी उकळवतील. म्हणून पॅनेलचं माप थंडीच्या निरभ्र दिवसावर ठरवावं आणि पावसाळ्यासाठी विजेचा हीटर ठेवावा. इथे १२ किलोवॉटचा हीटर ही तूट सव्वातीन तासांत भरून काढतो.

हीटर किती मोठा यापेक्षा तो कुठे बसवला आहे आणि कधी चालू होतो, याने बिलात जास्त फरक पडतो. तो टाकीच्या तळाशी असेल आणि थर्मोस्टॅटवर दिवसभर चालू असेल, तर आंघोळी संपताच नवीन आलेलं गार पाणी तोच तापवायला लागतो. दहा वाजता ऊन चढतं तेव्हा टाकी आधीच गरम असते आणि सूर्याला काम उरत नाही. अशा वसतिगृहात सोलर असूनही वीजबिल उतरत नाही. हीटर टाकीच्या मध्यावर बसवावा, म्हणजे वरचा अर्धा भाग तापेल आणि खालचा सूर्यासाठी मोकळा राहील. टायमर पहाटे तीननंतरचा ठेवावा. थोडं काम आंघोळी सुरू होण्याआधी आणि थोडं त्या चालू असताना होतं.

पॅनेलचा कल याच विचाराने ठेवतात. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश. त्यात पंधरा मिळवून ३३ अंशांचा कल दिला, तर २१ डिसेंबरला माध्यान्ही फक्त ४८ अंशांपर्यंत चढणारा सूर्य पॅनेलवर जवळजवळ सरळ पडतो. मेच्या मध्याला, शून्य सावलीच्या दिवसाच्या सुमारास, सूर्य डोक्यावर असतो आणि त्याच पॅनेलवर तिरपा पडतो. थंडीत जास्त आणि उन्हाळ्यात कमी, हेच वसतिगृहाला हवं असतं. एवढ्या कलात दोन मीटर लांबीच्या पॅनेलचं वरचं टोक सुमारे १.१ मीटर उंच जातं, आणि डिसेंबरात सकाळी नवाच्या सुमारास त्याची सावली उत्तरेकडे १.३ मीटरपर्यंत पडते. म्हणून दोन रांगांमध्ये दीड मीटर मोकळी जागा सोडावी. जागा वाचवायला रांगा जवळ घेतल्या, तर मागच्या रांगेची सकाळ वाया जाते.

गच्चीपासून नळापर्यंत

मापं बरोबर असूनही पाणी गार येऊ शकतं, आणि त्याचं कारण बहुधा पाइपांत असतं. एक इंची पाइप ४० मीटर लांब असेल, तर त्यात सुमारे २० लिटर पाणी मावतं. तळमजल्यावर पहाटे पहिला नळ उघडणाऱ्याला आधी एक बादली गार पाणी ओतून द्यावं लागतं. प्रत्येक उभ्या पाइपाची हीच गोष्ट. यावर उपाय म्हणजे पाइपांना वेष्टन, आणि पहाटे सव्वापाचला काही मिनिटं पाणी टाकीकडे परत फिरवणारा छोटा पंप. हा पंप दिवसभर चालू ठेवू नये. तसं केलं तर टाकीची सगळी उष्णता भिंतींमध्ये मुरते आणि टाकीतले थरही ढवळले जातात.

दुसरा दोष ओळखायला अवघड असतो. टाकीवरचा थर्मामीटर ५६ दाखवतो आणि नळाला मात्र ३५ अंशांचं पाणी येतं. अशा वेळी कुठल्या तरी न्हाणीघरात मिक्सरचे दोन्ही नळ उघडे आणि पुढची तोटी बंद अशी अवस्था असते. गार पाण्याचा दाब जास्त असल्याने ते मिक्सरमधून गरम पाण्याच्या पाइपात शिरतं आणि सगळ्या मजल्याचं पाणी बिघडवतं. तपासायला, मजल्याच्या गार पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून गरम नळ सोडून बघावा. पाणी लगेच गरम झालं, तर दोष सापडला. मिक्सरच्या दोन्ही फाट्यांवर नॉनरिटर्न व्हॉल्व्ह बसवले की तो जातो.

तिसरी तपासणी रात्रीची. संध्याकाळी सहाला आणि पहाटे पाचला, मध्ये कोणी पाणी वापरलेलं नसताना, टाकीचं तापमान नोंदवावं. चार-पाच अंशांपेक्षा जास्त उतरलं तर वेष्टन भिजलेलं असेल, किंवा पाणी रात्री उलटं फिरून पॅनेलमध्ये थंड होत असेल. रात्री दहाला टाकीकडून पॅनेलकडे जाणाऱ्या पाइपांना हात लावावा. पॅनेलजवळ ते गरम लागले तर परतीचा व्हॉल्व्ह गळतो आहे. दिवसा उलट बघावं. भर दुपारी एक पॅनेल भाजण्याइतकं तापलेलं आणि शेजारचं निवांत असेल, तर त्या तापलेल्यातून पाणी फिरत नाही. आत हवा अडकली आहे किंवा क्षार साचले आहेत. बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्या वसतिगृहांत हे फार लवकर होतं. तिथे पॅनेलमध्ये स्वतंत्र पाणी फिरवून टाकीतल्या नळीजाळीतून उष्णता देणारी रचना घ्यावी.

मे महिन्याच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं असतं आणि ऊन कडक. तेव्हा निम्म्याहून जास्त पॅनेल झाकून ठेवावेत. नाहीतर त्या महिन्याच्या उकळण्यात क्षार साचतात.

दरपत्रकात काय मागायचं

व्यवस्थापन समितीने 'इतक्या लिटरचं सोलर द्या' अशी मागणी केली, तर विक्रेता लिटरच देणार. त्याऐवजी गरज लिहून द्यावी : सकाळी साडेपाच ते साडेआठ या वेळात ४० अंशांचं २७५० लिटर पाणी, गार पाणी १८ अंशांचं, डिसेंबरातला निरभ्र दिवस, वीज न वापरता. उत्तरात पॅनेलचं एकूण क्षेत्रफळ, टाकीचं माप आणि ती उभी की आडवी, रात्रभरात तापमान किती उतरेल याची हमी, आणि हीटरची जागा व टायमर, या गोष्टी वेगवेगळ्या मागाव्यात. भरलेली टाकी दोन टनांहून जड असते. ती कुठल्या तुळईवर बसणार हे बांधकामाच्या इंजिनिअरकडून लिहून घ्यावं. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा उंच राहील, हेही नकाशावर बघावं.

यंत्रणा बसल्यावर सोलर टाकीत येणाऱ्या गार पाण्याच्या पाइपावर एक पाण्याचं मीटर लावावं. खर्च थोडा असतो, पण रोज सकाळी किती गरम पाणी गेलं हे त्यावरून कळतं. पहिल्या थंडीत त्याचा आकडा १६०० लिटरच्या आसपास राहिला आणि आठच्या रांगेलाही गरम पाणी मिळालं, तर माप बरोबर बसलं. आकडा २०००च्या पुढे जात असेल, तर पॅनेल वाढवण्याआधी गळके नळ, उघडे मिक्सर आणि शॉवर शोधावेत.